हयात माणसाचा मृत्युलेख : अठरा महिन्यांच्या एका फाइलीची हकिकत

५ ऑगस्ट २०२४, सोमवार. वाशीतल्या आमच्या कार्यालयात सकाळची बैठक संपल्यावर निवासी संपादकांनी मला थांबवून घेतले आणि दार लोटून विचारले, “आप्पांची फाइल आपल्याकडे आहे का?” आप्पा म्हणजे नवी मुंबईच्या भूमिपुत्रांच्या लढ्यातले एक ज्येष्ठ कार्यकर्ते. ते हयात आहेत, त्यामुळे त्यांचे खरे नाव मी इथे लिहीत नाही आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत. वृत्तपत्रात “फाइल आहे का” या प्रश्नाचा अर्थ एकच असतो. ते गेले तर रात्री अकरा वाजता पान भरण्याइतका मजकूर तयार आहे का, हे विचारलेले असते. बहुतेक ठिकाणी याला नुसते ‘ऑबिट’ म्हणतात. मी सतरा वर्षे बातमीदारी केली होती, पण जिवंत माणसाच्या मृत्यूची बातमी बसून लिहिली नव्हती.

फाइल सापडली. ती २०११ सालची होती आणि युनिकोडच्या आधीच्या श्रीलिपी या फॉन्टमध्ये टंकलेली होती. आजच्या संगणकावर ती उघडली तेव्हा पडद्यावर नुसती अगम्य चिन्हे दिसली. रूपांतरक वापरून ती युनिकोडमध्ये आणली, पण रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले होते, ‘कार्यकर्ते’ कुठेच धड राहिले नव्हते आणि आकड्यांच्या जागी काही ठिकाणी अक्षरे आली होती. आकड्यांची ही चूक सर्वांत धोक्याची असते, कारण बिघडलेला शब्द कोणाच्याही नजरेत भरतो, पण बिघडलेले साल भरत नाही. जुनी फाइल असेल तर तिची छापील प्रत मिळवावी आणि ती समोर ठेवून संपूर्ण मजकूर नव्याने टंकावा, असे मी सांगेन. माझे त्यात दोन दिवस गेले. रूपांतर तपासत बसले असते तर चार गेले असते.

मजकूर नव्याने टंकत असताना त्यातली दुसरी अडचण कळली. २०११ च्या उपसंपादकाने ‘वयाच्या ७७व्या वर्षी’ असे थेट लिहून ठेवले होते. आगाऊ लेखात वय कधीही लिहू नये. तिथे जन्मतारीख लिहावी आणि वयाची जागा रिकामी सोडावी. मराठीत इथे हमखास घसरायला होते. आप्पांची नोंदलेली जन्मतारीख १ जून १९३४ आहे. म्हणजे १ जून २०२५ रोजी त्यांना ९१ वर्षे पूर्ण झाली आणि ९२वे लागले. त्यानंतर वर्षभरात काही झाले तर ‘ते ९१ वर्षांचे होते’ हे बरोबर आणि ‘वयाच्या ९२व्या वर्षी निधन’ हेही बरोबर. पण ‘वयाच्या ९१व्या वर्षी’ हे चूक. रात्रपाळीच्या घाईत हा हिशेब कोणी मांडत नाही. म्हणून फाइलीच्या पहिल्या पानावर मी पुढच्या पाच वर्षांचा तक्ताच करून ठेवला : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हे वय लिहावे.

तारखेबद्दल ‘नोंदलेली’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. त्या पिढीतल्या ज्यांचा जन्मदिवस १ जूनला येतो, त्यांच्याकडे जरा संशयाने पाहावे. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी जून महिन्याची पहिली तारीख लिहून मोकळे होत, आणि आपल्याकडची अर्धी पिढी एकाच दिवशी जन्मलेली दिसते ती त्यामुळे. आप्पांना नंतर विचारले तेव्हा ते म्हणाले, “आई सांगायची, गौरी जेवल्या त्या दिवसाचा तू.” म्हणजे भाद्रपद. साल मात्र त्यांनाही ठामपणे सांगता येईना. शेवटी मी ‘शालेय नोंदीनुसार १ जून १९३४’ असे लिहिले. या दोन शब्दांनी वाक्य थोडे जड होते, पण ते खोटे होत नाही.

ऑगस्टचा उरलेला महिना कात्रणांत गेला. त्यांच्या पंचाहत्तरीची गौरविका, तीन सत्कारांच्या बातम्या, दोन दिवाळी अंकांतले लेख आणि आमचाच जुना मजकूर, असे सगळे समोर मांडले. पहिल्या वाचनात माहिती भरपूर वाटली. दुसऱ्या वाचनात लक्षात आले की हा सारा एकच मजकूर आहे. प्रत्येकाने आधीच्याचे उचलले आहे. एक चूक सहा ठिकाणी छापून आली की तिला सहा पुरावे असल्यासारखे दिसते. हे ओळखण्याची एक साधी खूण मला सापडली. वेगवेगळ्या लेखांत एखादे चमत्कारिक विशेषण किंवा एकाच प्रकारची शुद्धलेखनाची चूक आली की त्यांचा उगम एक समजावा. आमच्या बाबतीत ‘लढवैय्या’ हा शब्द चार लेखांत तसाच, दोन य लावून, चालत आला होता.

मग मी कोऱ्या कागदावर पाच विधाने उतरवली, जी चुकली तर मृत्युलेखच कोसळेल : जन्म, जिल्हा परिषदेतली वर्षे, १९८४ मधला सहभाग, भूखंडांबाबतचा आरोप आणि कुटुंब. बाकी तपशील दुय्यम. सगळेच तपासायला गेलात तर फाइल कधीच पुरी होत नाही, हा माझा अनुभव आहे.

जिल्हा परिषदेच्या सदस्यत्वासाठी २ सप्टेंबर रोजी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा लागतो आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. अर्जात कारण लिहायचे नसते; मीही लिहिले नाही, आणि कोणी विचारलेही नाही. २७ सप्टेंबरला उत्तर आले. चौदा पानांच्या प्रतींचे दोन रुपये दराने अठ्ठावीस रुपये झाले. कात्रणांत सगळीकडे ‘१९७७ मध्ये निवडून आले’ असे होते. कागदावर मात्र १९७९ ची निवडणूक होती. १९७७ ही लोकसभेची निवडणूक सर्वांच्या डोक्यात घट्ट बसलेली असल्याने कोणाच्या तरी हातून ते साल पडले असावे, असा माझा तर्क आहे.

आता प्रश्न होता आप्पांनाच भेटायचे का, आणि भेटले तर काय सांगून. कार्यालयात यावर दोन मते होती. एक सहकारी म्हणाला, “मुलाखत म्हणून जा, कशासाठी ते बोलू नकोस.” मला ते पटत नव्हते, आणि खरे सांगण्याचे धाडसही होत नव्हते. गणपती, मग नवरात्र असे करत मी दीड महिना टाळाटाळ केली. शेवटी त्यांच्या सूनबाईंना फोन करून ‘आप्पांच्या आयुष्याची सविस्तर नोंद करून ठेवायची आहे, ती लगेच छापणार नाही’ एवढे सांगितले. हे वाक्य पूर्ण खरे आहे आणि कोणाला दुखावत नाही. माझ्या जागी कोणी असेल तर हेच वापरावे.

२० ऑक्टोबर, रविवार. ऐरोलीच्या बाजूला, उंच इमारतींच्या मधोमध उरलेल्या गावठाणात त्यांचे घर आहे. आप्पा ओटीवर बसले होते. चहा येईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “मयताची बातमी लिहायला आलीस ना गं बाय?” (त्यांची आगरी बोली मला लिहिता येत नाही, त्यांचे बोलणे मी माझ्या भाषेत देते आहे.) मी ‘हो’ म्हटले. ते हसले. “बरे झाले. मेल्यावर येतात ते सगळे घाईत असतात.” आतून सूनबाईंनी “आप्पा, काहीतरीच काय!” म्हणून दटावले, पण ते पुढे बोलत राहिले.

त्या दिवशी दोन तास आणि ८ डिसेंबरला आणखी दीड तास ते बोलले. मधला काळ विधानसभा निवडणुकीत गेला. बोलणे मी परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित केले. दमणाऱ्या माणसाशी बोलताना सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आधी घ्यावा, कारण दुसऱ्या तासाला ते ‘हो, तसेच असेल’ म्हणून सुटका करून घेतात. म्हणून मी सुरुवात १९८४ पासून केली.

इथे थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्यात आली. मोबदल्याचा असंतोष वाढत जाऊन जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात मोठे आंदोलन उभे राहिले आणि १६ व १७ जानेवारीच्या पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याच्या योजनेमागे हा लढा आहे. आप्पांवरच्या प्रत्येक लेखात एक वाक्य होते : ‘गोळीबाराच्या दिवशी ते अग्रभागी होते, त्या दिवशीच्या लाठीमाराने त्यांचा उजवा पाय कायमचा अधू झाला.’ आमच्या जुन्या फाइलीत तर मृत्युलेखाची सुरुवातच या वाक्याने होती.

मी ते वाचून दाखवले. आप्पा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मी तिथे नव्हतो. आंदोलनात होतो, गावोगाव फिरलो, दोनदा पकडलेही. पण त्या दोन दिवशी मी मुंबईत वकिलाकडे होतो. गावात पोचलो तेव्हा रात्र झाली होती.” आणि पाय? “पाय त्याआधीच गेला होता. मिठागराच्या बांधावरून घसरून पडलो होतो.” कोणीतरी एकदा सभेत लाठीमाराचे बोलून गेला, टाळ्या पडल्या, आणि भर सभेत उठून ‘नाही’ म्हणणे त्यांना जमले नाही. दुसऱ्या वर्षी ते छापून आले. “ज्यांनी जीव दिला त्यांच्या शेजारी माझा पाय नको. मी गेल्यावर तरी नीट लिही.”

एका वाक्यावर माझा विश्वास बसला म्हणून ते फाइलीत जात नाही. नव्वदीतल्या आठवणीत दोन प्रसंग एकमेकांत मिसळू शकतात. माणूस नम्रतेनेही स्वतःला वगळू शकतो. म्हणून मी त्यांच्या जुन्या सोबत्यांपैकी दोघांना वेगवेगळे भेटले आणि दोघांनाही लाठीमाराचे न सांगता फक्त ‘आप्पा लंगडायला कधीपासून लागले’ एवढेच विचारले. एकाला आठवेना. दुसऱ्याने लगेच सांगितले की त्याच्या लग्नाच्या वरातीत आप्पा काठी घेऊन चालले होते. आणि ते लग्न १९८१ च्या मे महिन्यातले होते. लग्नपत्रिका त्याने पेटीतून काढून दाखवली. वरातीचा एक फोटोही निघाला, त्यात काठी स्पष्ट दिसते. असा पुरावा कुठल्याही ग्रंथालयात मिळाला नसता. पत्रिकेचे आणि फोटोचे छायाचित्र मी फाइलीला जोडले आणि त्याखाली कोणी, कधी आणि कोणासमोर दाखवले तेही लिहिले, कारण उद्या हे छापून आल्यावर आप्पांचेच चाहते चिडून फोन करतील आणि तेव्हा मी कदाचित या कार्यालयात नसेन. लेख लिहिणाराच आधी जाण्याची शक्यताही धरावी लागते. एलिझाबेथ टेलर २०११ मध्ये वारल्या तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने छापलेला मृत्युलेख मेल गुसॉ यांनी लिहिलेला होता, आणि गुसॉ स्वतः २००५ मध्येच वारले होते.

भूखंडाच्या आरोपाबद्दल विचारणे मला सर्वांत जड गेले. नव्वदच्या दशकात त्यांच्या एका नातेवाइकाला भूखंड देण्यावरून तक्रार झाली होती आणि पुढे ती निकाली निघाली होती. गौरविकेत याचा उल्लेख नाही, हे समजण्यासारखे आहे. पण आमच्या २०११ च्या फाइलीतही नव्हता. मी तक्रार, तिचा निकाल आणि आप्पांचे उत्तर अशी तीन वाक्ये लिहिली आणि ती कार्यालयाच्या वकिलांना दाखवली. माणूस गेल्यावर बदनामीचा प्रश्न संपतो असे अनेकांना वाटते, तसे नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, जुन्या कलम ४९९ प्रमाणेच, मृत व्यक्तीबद्दलचे विधानही तिच्या निकटच्या नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केले असेल तर बदनामी ठरू शकते. वकिलांनी एक शब्द बदलला : ‘निर्दोष ठरले’ऐवजी ‘तक्रार निकाली काढण्यात आली’. कागदावर तेवढेच होते.

जानेवारी २०२५ च्या अखेरीस मजकूर तयार झाला. मोबाइलवर लगेच टाकायच्या चार ओळी, संकेतस्थळासाठी दोनशे शब्द आणि छापील पानासाठी नऊशे शब्दांचा लेख, अशी तीन रूपे केली. पोकळ जागा मी ‘००००’ अशा चार शून्यांनी दाखवल्या, कारण नुसती मोकळी जागा घाईत दिसत नाही आणि शून्ये शोधता येतात. ठाण्यातल्या एका जुन्या छायाचित्रकाराकडून दोन फोटो, स्कॅन आणि छापण्याची लेखी परवानगी मिळून पंधराशे रुपये लागले. परवानगी आधीच घ्यावी. त्या रात्री छायाचित्रकार झोपलेला असतो. रिक्षा, प्रती आणि टपाल धरून एकूण खर्च तेवीसशेच्या आसपास गेला.

एक चूक मी स्वतः केली. लेख सुरक्षित राहावा म्हणून तो संकेतस्थळाच्या सीएमएसमध्ये, म्हणजे जिथून मजकूर प्रसिद्ध होतो त्या प्रणालीत, ‘मसुदा’ म्हणून ठेवला. आमच्या तांत्रिक विभागातल्या मुलाने तो दिसताच मला बोलावून नोव्हेंबर २०२० ची हकिकत सांगितली : फ्रान्सच्या आरएफआय या नभोवाणीने आपले संकेतस्थळ नव्या प्रणालीवर नेताना सुमारे शंभर हयात व्यक्तींचे मृत्युलेख प्रसिद्ध केले होते, त्यांत इंग्लंडची राणी आणि पेले होते. मी मसुदा त्याच दिवशी पुसला. आता फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये आहे आणि तो फक्त चौघांना उघडतो.

तिची परीक्षा १२ जुलै २०२५ च्या रात्री झाली. शनिवार होता. अकरा वाजून दहा मिनिटांनी गावाच्या व्हॉट्सॲप गटात ‘आप्पा गेले’ असा निरोप, हात जोडलेल्या चिन्हांसह. पाच मिनिटांत तो चार गटांत गेला आणि एका संकेतस्थळाने बातमीही टाकली. रात्रपाळीच्या मुख्य उपसंपादकाने फाइल उघडली. फाइलीच्या पहिल्या पानावर वयाच्या तक्त्याच्याही वर मी एक ओळ लिहिली होती : घरातल्या व्यक्तीने स्वतः सांगितल्याशिवाय आणि डॉक्टर किंवा रुग्णालयाकडून दुजोरा मिळाल्याशिवाय काहीही टाकू नये, सांगणारा कितीही मोठा असो. हे लिहिताना माझ्या मनात जयप्रकाश नारायण होते. २२ मार्च १९७९ रोजी ते मुंबईत जसलोक रुग्णालयात होते, आणि त्यांच्या निधनाची बातमी खुद्द पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत दिली. आकाशवाणीनेही ती सांगितली. जयप्रकाशजी प्रत्यक्षात ८ ऑक्टोबरला गेले.

सूनबाईंचा फोन तिसऱ्यांदा लागला. “आप्पा ना? पेज पिऊन आत्ताच झोपलेत,” त्या म्हणाल्या, आणि मग घाबरून “का हो?” शेजारच्या गावात त्याच नावाचे, त्याच आडनावाचे दुसरे गृहस्थ वारले होते. आपल्याकडे गावोगाव हे घडण्यासारखे आहे. त्या रात्रीनंतर फाइलीत आणखी एक ओळ वाढली : गावाचे आणि वडिलांचे नाव विचारून घ्यावे.

गोष्ट इथे संपली नाही. ऑक्टोबरमध्ये सहामाही दुरुस्तीसाठी फाइल उघडली तर पहिल्या चार शून्यांच्या जागी ‘शनिवारी, १२ जुलै रोजी रात्री’ असे भरलेले. त्या रात्री कोणीतरी घाईत मूळ फाइलीतच तारीख भरून ठेवली होती आणि ती तीन महिने तशीच राहिली होती. तेव्हापासून मूळ प्रत कुलूपबंद आहे. वापरायची असल्यास नक्कल करूनच वापरायची.

दुरुस्तीत दर वेळी सर्वांत जास्त बदलते ती शेवटची ओळ : ‘त्यांच्या पश्चात दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे.’ अठरा महिन्यांत मी ती तीनदा बदलली. एक जावई गेले, एक पणती झाली आणि एका नातवाचे लग्न मोडले. यासाठी मी सूनबाईंना सणाच्या निमित्ताने फोन करते. ‘घरी सगळे कसे आहेत’ एवढे विचारले की पुरते.

दुसरी दुरुस्ती माझ्याच लेखणीची होती. नऊशे शब्दांच्या लेखाचा शेवट मी असा केला होता : ‘ज्या जमिनीसाठी आयुष्य वेचले, तिथल्या विमानतळावरून पहिले विमान उडालेले पाहण्याची त्यांची इच्छा मात्र अपुरी राहिली.’ लिहिताना ते वाक्य मला फार आवडले होते. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने सुरू झाली. ४ जानेवारीला मी तिळगूळ घेऊन जरा लवकरच आप्पांकडे गेले, तर ते गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते. दुपारभरात किती विमाने मोजली ते त्यांनी मला सांगितले, आणि आवाज फार होतो अशी तक्रारही केली. घरी येऊन ते वाक्य खोडले. त्या जागी अजून काही लिहिलेले नाही. फाइलीवर पुढच्या दुरुस्तीची तारीख १ जुलै २०२६ अशी टाकली आहे.